आधी बाण, मग बहुपदी

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आयगेनव्हॅल्यू बहुधा अशी येते: मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या संख्यांमधून λ वजा करा, निश्चयक काढा, तो शून्य धरून समीकरण सोडवा. उत्तर बरोबर येतं, पण शोधलं काय, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. माझ्या मते निश्चयकाचं नाव काढण्याआधी एक तास आलेखकागदाला द्यायला हवा.

एक मॅट्रिक्स घेऊ: पहिली ओळ २, १ आणि दुसरी १, २. ती (x, y) या बिंदूला (२x + y, x + २y) इथे नेते. आरंभबिंदूपासून (१, ०) पर्यंत बाण काढला तर तो (२, १) वर जातो. लांबतो आणि वळतोही. (०, १) चा बाण (१, २) वर जातो. दोन्ही बाण मधल्या तिरक्या रेषेकडे झुकले. मग त्या रेषेवरच्याच बाणाने वळायचं कुठे? (१, १) जातो (३, ३) वर. दिशा तीच, लांबी तिप्पट. त्याला काटकोनात असलेला (१, −१) तर जागचा हलतच नाही. न वळणारे हे बाण म्हणजे आयगेनव्हेक्टर आणि ३ व १ हे पट म्हणजे आयगेनव्हॅल्यू.

बाकीचे बाण का वळतात, तेही इथेच दिसतं. (१, ०) म्हणजे निम्मा (१, १) अधिक निम्मा (१, −१). पहिला भाग तिप्पट होतो, दुसरा तसाच राहतो, त्यामुळे बेरीज पहिल्याच्या बाजूला झुकते.

आता बहुपदी आपोआप येते. बाण λ पट होत असेल, तर नव्या बाणातून मूळ बाणाच्या λ पट वजा केल्यावर काहीच उरत नाही. म्हणजे कर्णातून λ वजा केलेली मॅट्रिक्स एका खऱ्याखुऱ्या बाणाला शून्यावर नेते, आणि अख्खं प्रतल चेपून रेषेत किंवा बिंदूत बसवते. क्षेत्रफळ उरत नाही. निश्चयक म्हणजे क्षेत्रफळ किती पट झालं ते, म्हणून तो शून्य. आपल्या उदाहरणात (२ − λ)² − १ = ०, आणि उत्तरं ३ व १.

अमेरिकी गणितज्ञ शेल्डन अ‍ॅक्सलर यांनी १९९५ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त याहून टोकाची भूमिका घेतली: निश्चयक अगदी शेवटी शिकवावेत. मला तेवढं गरजेचं वाटत नाही. क्षेत्रफळ म्हणून ओळख झाली की निश्चयक परका राहत नाही.

चित्र मात्र बहुपदी आल्यावरही लागतं. काटकोनात फिरवणाऱ्या मॅट्रिक्सचं समीकरण λ² + १ = ० निघतं. त्याला वास्तव उत्तर नाही, कारण तिथे प्रत्येक बाण वळतो. आणि (x, y) ला (x + y, y) वर सरकवणारी मॅट्रिक्स घेतली, तर (१ − λ)² = ० मिळतं. काहीच न बदलणाऱ्या एकक मॅट्रिक्सचंही समीकरण नेमकं हेच. पण एकक मॅट्रिक्स एकही बाण वळवत नाही, तर सरकवणारीत फक्त आडव्या रेषेवरचे बाण वळायचे राहतात.