पत्र लिहिण्यास कारण की…

जानेवारीचा दुसरा आठवडा आला की राज्यातल्या शेकडो स्वयंसेवी संस्थांच्या कार्यालयांतून एकाच साच्याचा ईमेल निघतो. ‘महोदय, सोबत ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचा प्रगती अहवाल जोडला आहे. कृपया पाहावा व पोच द्यावी.’ खाली बेचाळीस पानांची पीडीएफ, तिच्यात फोटो, तक्ते, खर्चाचे हिशेब. निधी देणाऱ्या कंपनीतली अधिकारी बाई ‘पोच मिळाली’ असं कळवते आणि अहवाल एका फोल्डरमध्ये जाऊन पडतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तीच बाई फोन करून विचारते, “एक बंधारा होणार नाही हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?” संस्थेचा माणूस दुखावल्या स्वरात म्हणतो, “मॅडम, अहवालात पान सत्तावीसवर लिहिलं होतं.”

दोघंही खरंच बोलत असतात. चूक अहवालात नसते, अहवालासोबतच्या त्या दोन ओळींत असते.

आपल्या जुन्या पत्रांत क्षेमकुशल झालं की एक वाक्य ठरलेलं असे, ‘पत्र लिहिण्यास कारण की’. वाचणारा तिथे सावरून बसायचा, कारण खरा मजकूर तिथून सुरू व्हायचा. तिमाही अहवालासोबतच्या ईमेलचं कामही एवढंच आहे. बेचाळीस पानांतून ‘कारण की’ काढून पहिल्या ओळीत आणायचं. काय झालं, काय बिघडू शकतं आणि तुमच्याकडून कोणता निर्णय हवा, हे त्याचे तीन भाग. लिहिणाऱ्याच्या मनात ते याच क्रमाने येतात. वाचणाऱ्याला मात्र निर्णय आधी हवा असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका संस्थेला कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, एका वर्षात 8 सिमेंट नाला बंधारे बांधण्यासाठी 64 लाख रुपये मंजूर झाले आहेत. दोन बंधारे पावसाळ्याआधी झाले. पावसाळ्यात काम बंद. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आणखी चार व्हायचे होते, पण परतीचा पाऊस लांबला, नाल्यातलं पाणी उतरायला नोव्हेंबर उजाडला आणि दोनच पूर्ण झाले. पाचव्याचा पाया भरला आहे. आतापर्यंत 40 लाख मिळाले, 33 लाख खर्च झाले, 7 लाख हातात आहेत. तिसरा हप्ता, 24 लाखांचा, यायचा आहे. आठव्या बंधाऱ्याची जागा वनहद्दीत निघाली. परवानगीचा अर्ज 18 ऑक्टोबरला दिला, उत्तर अजून नाही.

आता पलीकडच्या बाजूने पाहू. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार कंपनीला हा पैसा आर्थिक वर्षात खर्च करायचा असतो. संस्थेच्या खात्यात पैसे टाकले की काम संपलं, असं होत नाही. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले तरच तो खर्च धरला जातो. एका वर्षाच्या प्रकल्पात पैसा शिल्लक राहिला, तर तो वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या एखाद्या सरकारी निधीत भरावा लागतो. संचालक मंडळ सकारण मुदत वाढवून प्रकल्प पुढच्या वर्षात नेऊ शकतं, पण तेही वेळेत मंडळासमोर जावं लागतं. शिवाय वर्षाचा कृती आराखडा मंजूर झालेला असतो. त्यात बदल करायचा तर सीएसआर समितीची शिफारस आणि मंडळाची मान्यता लागते. त्या अधिकारी बाईंच्या एकटीच्या हातात फार थोडं असतं. तुमचा मेल वाचून त्यांना तो वर पाठवायचा असतो.

म्हणून या मेलची पहिली कसोटी अशी: एक शब्दही न बदलता तो पुढे फॉरवर्ड करता येईल का? वरच्या माणसाला ना गावं माहीत, ना पीडीएफ उघडायला वेळ. त्याला मेलच्या मजकुरातच सगळं कळलं पाहिजे.

विषयाच्या ओळीपासून सुरुवात करू. ‘तिमाही अहवाल: ऑक्टोबर ते डिसेंबर’ ही ओळ कोणालाच काही सांगत नाही. ‘बंधारे प्रकल्प, तिसरी तिमाही: 25 जानेवारीपर्यंत दोन निर्णय हवेत’ ही ओळ तारीख आणि काम दोन्ही सांगते. ही तारीख हवेतून येत नाही. ती उलट मोजत येऊन काढायची असते. 31 मार्चच्या आत बिलं चुकती होऊन मोजमाप पुस्तिका आणि उपयोगिता प्रमाणपत्र तयार हवं, त्यासाठी शेवटचा आठवडा ठेवा. खोदाई, पाया आणि भिंतीचं काँक्रीट यांना चार-पाच आठवडे. काँक्रीटवर पाणी मारायला दोन-तीन आठवडे. घाई करून ते टाळलं तर पहिल्याच पुरात भिंत उत्तर देते. असे सुमारे नऊ आठवडे मागे गेलो की 25 जानेवारी येते. तारखेमागचं हे गणित एका वाक्यात दिलं, तर वाचणारा ती गंभीरपणे घेतो. ‘लवकरात लवकर’ लिहिलं, तर ते कधीच होत नाही.

मग ठळक बाबी. इथे सगळ्यात जास्त भेसळ होते. ‘12 ग्रामसभा, 3 प्रशिक्षणं, 1 शिवारफेरी’ ही झाली धावपळ. वाचणाऱ्याला हवं असतं ठरल्याच्या तुलनेत काय झालं. ‘डिसेंबरअखेर 6 बंधारे व्हायचे होते, 4 झाले’ या एका वाक्यात चांगलं-वाईट दोन्ही येतं, आणि वाईट आपणच आधी सांगितल्याने पुढच्या ओळींवर विश्वास बसतो. एखादा परिणाम सांगायचा तर त्याची मर्यादाही सांगावी. पहिल्या दोन बंधाऱ्यांजवळच्या 14 विहिरींची पातळी गेल्या डिसेंबरपेक्षा सरासरी 1.2 मीटरने वर असेल, तर ते जरूर लिहा. पण यंदा पाऊसही जास्त झाला होता हे त्याच ओळीत लिहा. नाहीतर पुढच्या कोरड्या वर्षी तीच पातळी खाली गेली की उत्तर द्यायला जड जातं.

धोक्यांचा भाग सगळ्यात अवघड, कारण तिथे आपली भाषा सरकारी होते. ‘परवानगी प्रक्रियेत विलंब होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ या वाक्यात कोण, कधी, किती, काहीच नाही. आधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा: घडून गेलेली गोष्ट धोका नव्हे. पाऊस लांबला, दोन बंधारे मागे पडले, ही वस्तुस्थिती आहे आणि तिची जागा वरच्या भागात आहे. धोका म्हणजे अजून न घडलेलं, पण घडू शकेल असं. तो लिहिताना चार गोष्टी लागतात: कारण, परिणाम, तारीख आणि रक्कम. शिवाय प्रत्येक धोक्यापुढे एक तर निर्णय मागितलेला असावा, नाहीतर ‘हे आम्ही निस्तरतो आहोत’ असं लिहिलेलं असावं. दोन्ही नसेल, तर तो धोका केवळ आपल्या बचावासाठी नोंदवलेला असतो.

निर्णय मागताना ‘मार्गदर्शन करावे’ असं कधी लिहू नये. मार्गदर्शन मागितलं की बैठक मिळते. पर्याय द्यावेत, आपली शिफारस सांगावी, आणि उत्तर ‘अ’ किंवा ‘ब’ एवढ्या एका अक्षरात देता यावं. हे सगळं धरून तो मेल असा होईल:

‘नमस्कार मॅडम,

8 बंधाऱ्यांचं काम 31 मार्चपूर्वी पूर्ण होण्यासाठी दोन निर्णय 25 जानेवारीपर्यंत हवे आहेत. त्यानंतर सुरू केलेला बंधारा मार्चअखेर पुरा होत नाही.

निर्णय 1: आठव्या बंधाऱ्याची जागा. पर्याय अ: शेजारच्या गावातली पर्यायी जागा, ग्रामसभेचा ठराव झाला आहे. नाला रुंद असल्याने खर्च 8 ऐवजी 8.9 लाख, पहिल्या चार बंधाऱ्यांत वाचलेल्या 1 लाखातून तो भागेल, एकूण मंजूर रक्कम वाढणार नाही. पर्याय ब: आठवा बंधारा यंदा वगळणे; 9 लाख अखर्चित राहतील. आमची शिफारस अ.

निर्णय 2: तिसरा हप्ता. पर्याय अ असल्यास 24 लाख, ब असल्यास 15 लाख.

प्रगती: डिसेंबरअखेर 6 बंधारे ठरले होते, 4 पूर्ण, पाचव्याचा पाया भरला. परतीचा पाऊस लांबल्याने नोव्हेंबरपर्यंत काम सुरू करता आलं नाही. खर्च 33 लाख, शिल्लक 7 लाख.

धोके: (1) मूळ जागेच्या वन परवानगीचा अर्ज 18 ऑक्टोबरपासून प्रलंबित, त्यावर अवलंबून राहिल्यास 9 लाख अखर्चित राहतील. (2) शिल्लक रक्कम फक्त पाचव्या बंधाऱ्याला पुरेल. हप्ता उशिरा आल्यास सहावा आणि सातवाही अडकेल.

25 जानेवारीपर्यंत निर्णय न झाल्यास आम्ही आठव्या बंधाऱ्याचं काम सुरू करणार नाही आणि तसं लेखी कळवू.

तपशील सोबतच्या अहवालात: जागेचा नकाशा पान 27, हिशेब पान 35.’

अशा ठिकाणी बहुतेक मेल इंग्रजीत जातात, पण बांधणी हीच राहते. ‘उत्तर न आल्यास’ ही ओळ मात्र जपून लिहावी लागते. ‘उत्तर न आल्यास संमती समजू’ असं दुसऱ्याच्या पैशाबाबत म्हणता येत नाही. हिशेब तपासणीत ते टिकत नाही. मौनाचा अर्थ नेहमी सुरक्षित बाजूचा धरायचा: काम थांबेल, पैसा जागेवर राहील.

हा हव्यास नवा नाही. 9 ऑगस्ट 1940 रोजी, लढाई ऐन भरात असताना, चर्चिल यांनी आपल्या खात्यांना अहवाल थोडक्यात लिहा, मुख्य मुद्दे छोट्या परिच्छेदांत द्या आणि तपशील परिशिष्टात टाका, असं लेखी बजावलं होतं. बेचाळीस पानांची पीडीएफ म्हणजे ते परिशिष्ट. ते टाकून द्यायचं नसतं. मेलमधला प्रत्येक आकडा तिथे सापडला पाहिजे. मेलमध्ये 33 लाख आणि पान 35 वर 32.6 लाख असेल, तर चर्चा त्या चाळीस हजारांवर होते आणि आठवा बंधारा बाजूलाच राहतो. म्हणून मेल पाठवण्याआधी हिशेबनिसाने त्यातला प्रत्येक आकडा अहवालाशी ताडून पाहावा.

एप्रिलमध्ये पुढचा मेल लिहायला बसाल, तेव्हा जानेवारीचा आधी उघडा. त्यातल्या दोन धोक्यांचं काय झालं, हे नव्या मेलमध्ये एकेका ओळीत यायला हवं: घडला, टळला, की अजून डोक्यावर आहे. तोच धोका त्याच शब्दांत सलग तीन तिमाह्या लिहिलेला आढळला, तर तो लिहिणाऱ्यानेही पुन्हा वाचलेला नसतो.