पाच ओहममधून किती?

फळ्यावर एक चौकोन होता, टोकावर उभा केलेला, पतंगासारखा. वरच्या टोकाला A, खालच्या टोकाला C, डावीकडे D, उजवीकडे B. A आणि C यांच्यामध्ये 12 व्होल्टची बॅटरी, तिचं धन टोक वर. चार बाजूंना चार रोध: A ते B 4 ओहम, B ते C 12 ओहम, A ते D 6 ओहम, D ते C 3 ओहम. मधोमध B ते D असा आडवा पाचवा रोध, 5 ओहमचा. प्रश्न एका ओळीचा: या 5 ओहमच्या रोधातून किती प्रवाह वाहतो?

बारावीला व्हीटस्टनचा सेतू शिकलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. मांडणी मुळात सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांची, 1833 सालची. चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1843 मध्ये ती लोकांपुढे आणली आणि नाव त्यांचं लागलं. बारावीत हा सेतू नेहमी संतुलित अवस्थेत भेटतो, म्हणजे मधल्या फांदीतून प्रवाहच वाहत नाही. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात तो संतुलन सोडून येतो आणि त्याच चित्राचं दोन पानी गणित होतं.

विद्युत शाखेच्या तिसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना याच गणितावर अर्धा तास सांगत होती. सगळे तिला ताई म्हणत होते. चित्र काढून झाल्यावर तिने विचारलं, ‘‘कशाने सोडवाल?’’ मागच्या बाकांवरून एकसुरात उत्तर आलं, ‘‘मेश!’’

हे उत्तर चुकीचं नव्हतं. मेश म्हणजे सर्किटच्या प्रत्येक खिडकीत एक प्रवाह गोल फिरतो असं मानायचं आणि त्या खिडकीभोवतीच्या व्होल्टेजांची बेरीज शून्य धरायची. यामागचे नियम 1845 मध्ये गुस्टाव किर्खहॉफ यांनी मांडले, तेव्हा ते स्वतः विद्यार्थीच होते. अभ्यासक्रमात मेश सहसा सर्वांत आधी येतं. आधी शिकलेली रीत हाताला बसते आणि सर्किट दिसलं की हात आपोआप खिडक्या मोजू लागतो. ताईने तो हात अडवला नाही. ‘‘चला, मांडूया,’’ म्हणत तिने तीन खिडक्यांची तीन समीकरणं लिहिली. I1 बॅटरीच्या खिडकीतला, I2 वरच्या त्रिकोणातला, I3 खालच्या त्रिकोणातला.

```
 9·I1 −  6·I2 −  3·I3 = 12
−6·I1 + 15·I2 −  5·I3 = 0
−3·I1 −  5·I2 + 20·I3 = 0
```

‘‘आता निश्चयक काढा. 1440 येतो. मग वरचे निश्चयक. I2 येतो 1.125, I3 येतो 0.625. हे दोन्ही कशाला हवेत?’’ मधली फांदी वरच्या आणि खालच्या खिडकीत सामाईक आहे, म्हणून तिच्यातला प्रवाह या दोघांची वजाबाकी: 0.5 अँपिअर, B कडून D कडे. थकलेला विद्यार्थी इथे 1.125 लाच चौकट करून मोकळा होतो, असं ती म्हणाली. वर्गात हसू फुटलं, त्यावरून अनुभव बऱ्याच जणांचा असावा. I1 तर उत्तरात कुठे लागतच नाही, तरी त्याला सगळ्या आकडेमोडीतून वाहून न्यावं लागतं.

फळ्याचा तो भाग तिने पुसला नाही. शेजारच्या मोकळ्या जागेत दुसऱ्या रीतीची मोजणी सुरू केली. नोडल रीतीत प्रवाहांऐवजी जोडबिंदूंची व्होल्टेजं अज्ञात धरतात. बिंदू चार. C ला शून्य मानलं. A चं व्होल्टेज बॅटरीनेच ठरवून दिलंय, 12. उरले B आणि D. म्हणजे तीनऐवजी दोनच समीकरणं, आणि ती मांडण्याआधीच हे कळलं. खिडक्या किती, बिंदू किती, बॅटरीने किती बिंदू फुकट दिले, एवढी मोजणी पेन्सिलीने चित्रावरच होते. सर्किटमध्ये प्रवाहाचे स्रोत असतील तर तोल उलटा जातो. तिथे खिडकीतला प्रवाह फुकट मिळतो आणि मेश हलकं होतं.

पण तिचा मुद्दा मोजणीच्या पुढचा होता. ‘‘प्रश्न परत वाचा. किती गोष्टी विचारल्यात?’’ एकच. सहा फांद्यांपैकी एका फांदीतला प्रवाह. मेश आणि नोडल दोन्ही रीती सगळ्या सर्किटची उकल करतात, मग आपण त्यातून आपला तुकडा उचलतो. एकाच फांदीचं विचारलं असेल तर ती फांदी काढून बाजूला ठेवावी आणि उरलेल्या सर्किटला त्या दोन टोकांवरून पाहावं. फ्रान्सच्या तारखात्यातले अभियंते लेआँ थेवेनिन यांनी 1883 मध्ये मांडलेला सिद्धान्त सांगतो, की त्या टोकांना उरलेलं सगळं सर्किट म्हणजे एक बॅटरी आणि तिच्याशी एकसरीत एक रोध, एवढंच भासतं. (हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी हेच 1853 मध्ये लिहून ठेवलं होतं, पण नाव इथेही दुसऱ्याचंच राहिलं.)

आधी तिने संतुलन तपासायला लावलं, कारण सेतू संतुलित असेल तर उत्तर शून्य आणि गणित तिथेच संपतं. समोरासमोरच्या बाजूंचे गुणाकार: 4 गुणिले 3 म्हणजे 12, आणि 12 गुणिले 6 म्हणजे 72. समान नाहीत. प्रवाह वाहणारच.

मग 5 ओहमची फांदी पुसली. आता उजवीकडे 4 आणि 12 ओहम एकापाठोपाठ, त्यांच्यावर 12 व्होल्ट. B चं व्होल्टेज 12 च्या सोळा भागांतले बारा भाग, म्हणजे 9. डावीकडे 6 आणि 3 ओहम, D चं व्होल्टेज 4. फरक 5 व्होल्ट, ही झाली थेवेनिनची बॅटरी. रोधासाठी बॅटरी ‘मारायची’, म्हणजे तिच्या जागी नुसती तार समजायची. तारेने A आणि C एक झाले, त्यामुळे 4 आणि 12 समांतर झाले, 3 ओहम. 6 आणि 3 समांतर, 2 ओहम. दोन्ही मिळून 5 ओहम. आता मूळ फांदी परत लावा: 5 व्होल्ट, 5 अधिक 5 ओहम, 0.5 अँपिअर. एकही समीकरण सोडवावं लागलं नाही, आणि मेशचं उत्तरही हेच होतं.

इथे एका मुलाचा हात वर आला. त्याचं उत्तर 0.45 येत होतं. ताईने वही न बघताच विचारलं, ‘‘रोध 6 आला का?’’ आला होता. बॅटरीच्या जागी तार ठेवण्याऐवजी त्याने ती जागा रिकामी सोडली होती. मग B पासून D पर्यंतच्या दोन वाटा उरतात, एक A वरून 10 ओहमची आणि दुसरी C वरून 15 ओहमची, आणि समांतर जोडून बरोबर 6 येतात. ही चूक लबाड आहे, कारण उत्तर सुटसुटीत येतं आणि संशयच येत नाही. व्होल्टेजचा स्रोत मारताना तार, प्रवाहाचा स्रोत मारताना रिकामी जागा, हा फरक इथे 0.05 अँपिअरला पडला.

उत्तर पडताळण्याची तिची रीत मला सगळ्यांत आवडली. मधून अर्धा अँपिअर जातो हे धरलं, की B चं खरं व्होल्टेज 7.5 आणि D चं 5 निघतं. त्यावरून प्रत्येक रोध किती वॅट खातो ते काढायचं: 4 ओहममध्ये 5.06, 12 मध्ये 4.69, 6 मध्ये 8.17, 3 मध्ये 8.33, मधल्यात 1.25. बेरीज साडेसत्तावीस. बॅटरीतून 2.29 अँपिअर निघतात, 12 ने गुणलं की तेही साडेसत्तावीस. मेशने सोडवा की थेवेनिनने, ही बेरीज जुळली नाही तर कुठेतरी चिन्ह उलटं पडलंय. परीक्षेत एवढा वेळ नसेल, तर B आणि D ची व्होल्टेजं 0 आणि 12 च्या मध्ये आहेत ना, एवढं तरी बघावं.

थेवेनिनची जादू बघून वर्ग खूश झाला होता, म्हणून तिने तोच प्रश्न थोडा बदलला. ‘‘आता मधला प्रवाह नको. बॅटरीतून निघणारा एकूण प्रवाह काढा.’’ सर्किट तेच, पण मधली फांदी काढून मिळालेले 5 व्होल्ट आणि 5 ओहम इथे थेट उपयोगी पडत नाहीत. ते B आणि D ला काय दिसतं एवढंच सांगतात. बॅटरीला काय दिसतं ते त्यात नाही. इथे वरच्या त्रिकोणाचा तारा केला तर काम सोपं होतं. आर्थर केनेली यांनी 1899 मध्ये दिलेल्या सूत्रांनी 4, 6 आणि 5 ओहमच्या त्रिकोणाच्या जागी 1.6, 1.33 आणि 2 ओहमचा तीन हातांचा तारा येतो. मग नुसत्या एकसर आणि समांतर जोडण्या उरतात. एकूण रोध सुमारे 5.24 ओहम आणि प्रवाह 2.29 अँपिअर. उलट, मधल्या रोधाची किंमत किती ठेवली तर तो जास्तीत जास्त शक्ती घेईल असं विचारलं असतं, तर थेवेनिनशिवाय दुसरीकडे बघायचंच नव्हतं. उत्तर 5 ओहम, आकडेमोडीशिवाय.

‘‘म्हणजे एका फांदीचं विचारलं की थेवेनिन,’’ पुढच्या बाकावरची मुलगी वहीत लिहीत म्हणाली. ताईने खडू उचलला आणि बॅटरीच्या शेजारी एक छोटा रोध काढला, 1 ओहमचा. बॅटरीचा अंतर्गत रोध. ‘‘प्रश्न पहिलाच. मधल्या फांदीतला प्रवाह. आता?’’

मुलं उत्साहाने कामाला लागली. मधली फांदी पुसली, व्होल्टेज काढलं, तिथवर ठीक चाललं. मग बॅटरी मारून B आणि D मधला रोध काढायला गेली आणि अडकली. बॅटरी मेली तरी 1 ओहम A आणि C च्या मध्ये राहतोच. A आणि C आता एक होत नाहीत, समांतर जोडी बनत नाही. B आणि D कडून बघितलं तर समोर पुन्हा एक सेतू उभा आहे, 1 ओहम मधल्या फांदीत असलेला. जे टाळायला थेवेनिनकडे गेलो तेच परत आलं. नोडलमध्येही A आता फुकट मिळत नाही, त्यामुळे तिथेही अज्ञातं तीन.

फळ्याच्या डाव्या बाजूला मेशची तीन समीकरणं अजून तशीच होती. नवा रोध फक्त बॅटरीच्या खिडकीत आला होता. ताईने पहिल्या समीकरणातला 9 पुसून 10 केला. बाकी एक अक्षरही हललं नाही. निश्चयक 1715 आला आणि मधला प्रवाह 0.42 अँपिअर.