रेकॉर्डिंग खणखणीत, कॉलवर मात्र आवाज जात नाही

मोबाइलच्या दुरुस्तीत एक तक्रार नेहमी गोंधळात टाकते. फोन लागतो, समोरच्याचे बोलणे नीट ऐकू येते, पण समोरचा माणूस ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाही’ एवढेच म्हणत राहतो. फोन बंद करून रेकॉर्डर उघडला आणि दोन वाक्ये बोलून ऐकली, तर आवाज अगदी खणखणीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हॉइस मेसेजही व्यवस्थित जातो. त्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून केलेला कॉल मात्र मुका. मग माइक चांगला आहे असे ठरते आणि दोष सिम कार्डावर किंवा रेंजवर जातो. प्रत्यक्षात रेकॉर्डिंग नीट आले म्हणजे फोनमधला कुठला तरी एक माइक चालू आहे, इतकेच सिद्ध होते. कॉलच्या वेळी फोन ज्या माइकवर भिस्त ठेवतो तो ठीक आहे, हे त्यातून कळत नाही.

आजच्या बहुतेक स्मार्टफोनांत दोन किंवा तीन माइक असतात. मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळ असतो. दुसरा बहुधा वरच्या कडेला किंवा कानाशी येणाऱ्या स्पीकरच्या फटीत असतो, आणि तिसरा अनेकदा मागे कॅमेऱ्याशेजारी. आयफोनमध्ये दुसरा माइक 2010 साली, आयफोन 4 बरोबर आला, तो गोंगाट कमी करण्यासाठीच. बाहेरून या माइकचे अस्तित्व म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे एक भोक. आत बारीक जाळी असते आणि तिच्यामागे काही मिलिमीटरचा माइक.

कॉलच्या वेळी फोन कानाला लावलेला असतो. तोंड खालच्या माइकपासून साधारण पाच सेंटिमीटरवर आणि वरच्या माइकपासून पंधराएक सेंटिमीटरवर येते. अंतर तिप्पट झाले की आवाजाचा जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणून बोलणाऱ्याचा आवाज खालच्या माइकला मोठा आणि वरच्याला बराच लहान मिळतो. रस्त्यावरचे हॉर्न, पंख्याची घरघर, लोकलचा खडखडाट हे सगळे लांबून येते, त्यामुळे ते दोन्ही माइकांना जवळजवळ सारखेच ऐकू येते. फोन याच फरकाचा उपयोग करतो. खाली मोठे आणि वर लहान ते बोलणे. दोन्हीकडे सारखे तो गोंगाट. गोंगाट ठरलेला भाग दाबून उरलेला आवाज पुढे पाठवला जातो.

आता खालचे भोक बुजले तर काय होईल? खालच्या माइकला मिळणारा आवाज घटतो, वरच्याचा तसाच राहतो. दोघांतला फरक मिटतो, कधी उलटाही होतो. फोनच्या हिशेबाने समोर बोलणारे कुणी उरतच नाही, सगळा गोंगाटच. मग तो इमाने इतबारे बोलणेच दाबून टाकतो. पलीकडच्या माणसाला पहिला शब्द नीट ऐकू जातो आणि पुढचे वाक्य बुडते, किंवा तुटक, पाण्याखालून आल्यासारखा आवाज येतो. भोक थोडेसे बुजलेले असेल तर आधी बारीक, टोकदार आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘च’ गळाले की बोलणे ऐकू येते पण कळत नाही.

रेकॉर्डरच्या बाबतीत असली वजाबाकी सहसा नसते. तिथे फोन तोंडासमोर धरलेला असतो, आवाज हळू वाटला तर फोन आपोआप वाढवून घेतो, आणि व्हिडिओ काढताना तर दुसऱ्याच माइकचा वापर होऊ शकतो. अँड्रॉइडमध्ये कॉलसाठीचा आवाज आणि रेकॉर्डिंगसाठीचा आवाज घेण्याच्या वाटाच वेगळ्या ठेवलेल्या आहेत. प्रतिध्वनी काढणे आणि गोंगाट दाबणे हे मुख्यतः पहिल्या वाटेवरचे काम. म्हणून व्हॉइस मेसेज जातो आणि व्हॉइस कॉल जात नाही, यात काहीच विसंगती नाही.

भोक बुजण्याची कारणे साधीच असतात. खिशातला कापसासारखा कचरा, पीठ, टाल्कम पावडर, सिमेंटची धूळ, रंगपंचमीचा रंग. पावसाळ्यात जाळीवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि फोन वाळेपर्यंत आवाज गेलेला असतो. सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे करंगळी. मोठा फोन एका हाताने धरताना पुष्कळ जण खालून करंगळीचा टेकू देतात, आणि ती नेमकी भोकावर बसते. घरच्यांशी बोलताना आवाज कधी जातो, कधी जात नाही, असे होत असेल तर आधी हाताची ठेवण पाहावी.

जाड कव्हर दोन प्रकारे नडते. पहिला उघड आहे: कव्हरचे छिद्र आणि फोनचे भोक जुळत नाही. एकाच नावाने विकली जाणारी कव्हरे दोन वेगळ्या मॉडेलना ‘बसतात’, तेव्हा हे हमखास होते. दुसरा प्रकार सहजासहजी लक्षात येत नाही. कव्हर आणि फोन यांच्यात बारीक पोकळी राहिली की खालच्या स्पीकरचा आवाज त्या पोकळीतून थेट माइकपर्यंत पोचतो. पलीकडच्याला स्वतःचेच बोलणे परत ऐकू येऊ नये म्हणून फोन हा प्रतिध्वनी कापतो, आणि तो मोठा असेल तर सोबत आपले बोलणेही कापले जाते. स्पीकर चालू असताना, आणि तेही दोघे एकदम बोलू लागले की आपलाच आवाज बुडतो, अशी तक्रार असेल तर संशय या पोकळीवर घ्यावा. स्क्रीनगार्डने वरचा माइक झाकला गेला तर मात्र लक्षण वेगळे दिसते: बोलणे जाते, पण आजूबाजूचा सगळा कलकलाटही सोबत जातो.

तिसरे कारण सेटिंगचे. आयफोनवर कॉल चालू असताना कंट्रोल सेंटर उघडले की Mic Mode दिसतो. त्यात Standard आणि Voice Isolation असे पर्याय असतात. साध्या कॉलसाठी ही सोय 2023 मध्ये, आयओएस 16.4 पासून आली. Voice Isolation एकाच जवळच्या आवाजाला धरून बाकीचे जोरात दाबते, त्यामुळे लांबून किंवा हळू बोलणाऱ्याचा आवाजही त्यात जाऊ शकतो. आयफोन 12 पर्यंतच्या फोनांत Settings मधल्या Accessibility मध्ये, ऑडिओच्या विभागात Phone Noise Cancellation हे बटण सापडते. अँड्रॉइडवर कंपनीगणिक नाव बदलते. सेटिंगमधल्या शोधाच्या चौकटीत noise किंवा mic लिहून पाहणे सोपे. पिक्सेलमधले Clear calling मात्र समोरून येणाऱ्या आवाजातला गोंगाट कमी करते. ते बंद करून आपला आवाज पलीकडे जास्त जाणार नाही. आणि अनेक अँड्रॉइड फोनांत कानाला लावून बोलतानाची गोंगाट-दाबणी बंद करण्याचे बटण दिलेलेच नसते.

गोंगाट ओळखण्याची आणखी एक खूण यंत्रणा वापरते: एकसारखा, न बदलणारा आवाज म्हणजे गोंगाट. ऑनलाइन गाणे शिकवणाऱ्यांना याचा चांगलाच जाच होतो, कारण तानपुरा आणि लांबवलेला सा दोन्ही विरून जातात. झूमने संगीतासाठी मूळ आवाज तसाच पाठवण्याची वेगळी सोय ठेवली आहे, ती याचसाठी.

तिन्ही कारणे एकत्र कशी येतात हे पाहण्यासाठी पिठाची गिरणी घ्यावी. समजा, गिरणीवाल्याने फोन पडू नये म्हणून जाड रबरी कव्हर घातले आहे. गिऱ्हाइकांची तक्रार अशी, की गिरणीत फोन केला तर काही ऐकू येत नाही. तो घरी गेला की थोडेफार ऐकू येते. रेकॉर्डिंग चांगले आहे. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाला शेजारच्या खोलीत बसवून फोन लावावा आणि एकापासून आकडे मोजत जावे, दर वेळी एकच गोष्ट बदलून. पहिले पाच आकडे कव्हरसकट, फोन कानाला लावून. पुढचे पाच कव्हर काढून. पुढचे पाच स्पीकर चालू करून, फोन तोंडासमोर धरून. शेवटचे पाच वायरचा हेडफोन लावून.

कव्हर काढल्यावर आवाज थोडा सुधारला, पण स्पीकरवर एकदम स्पष्ट झाला, तर अर्थ असा: कव्हर थोडे आड येत होते, पण मुख्य दोष खालच्या भोकात आहे, कारण स्पीकरवर बोलताना फोन माइकांची मांडणी बदलतो आणि अनेकदा वरच्या माइकचा आधार घेतो. खात्रीसाठी रेकॉर्डर चालू करून आधी खालच्या भोकाजवळ, मग वरच्या, मग कॅमेऱ्याशेजारच्या भोकाजवळ बोट हळूच घासावे आणि ऐकावे. चांगल्या माइकजवळची खरखर मोठी येते. बुजलेल्या माइकजवळची दबकी. काही रेकॉर्डर एकच माइक वापरतात, तेव्हा एखाद्या भोकाची खरखर आलीच नाही म्हणून तो माइक मेला असे लगेच समजू नये. गिरणीत आवाज पूर्ण जातो आणि घरी थोडा येतो याचेही उत्तर इथेच आहे: पिठाने आवाज आधीच कमजोर केलेला, त्यात जात्याची एकसुरी घरघर, मग दाबणी सगळ्यावरच फिरते.

साफसफाईला मऊ, कोरडा टूथब्रश पुरतो. भोक जमिनीकडे करून हलक्या हाताने ब्रश फिरवला की कचरा खाली पडतो. टाचणी घालू नये. जाळी फाटते आणि कचरा आत ढकलला जातो. दाबाच्या हवेने माइकचा नाजूक पडदा फुटू शकतो. सिम काढायची पिन चुकून माइकमध्ये घालणारेही कमी नाहीत, कारण दोन्ही भोके दिसायला सारखी. ओळखायची खूण अशी, की सिमचे भोक ट्रेच्या बारीक चौकटीच्या आत असते, माइकचे भोक एकटेच.

हे सगळे करूनही वायरच्या हेडफोनवरही आवाज जात नसेल, तर माइक सोडून नेटवर्ककडे वळावे. तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहिले की निकाल लागतो. हेडफोनवर जातो आणि कानाला लावून जात नाही, तर दुरुस्ती आतली आहे. बऱ्याच फोनांत खालचा माइक चार्जिंगच्या छोट्या बोर्डावर असतो, त्यामुळे चार्जिंग जॅक बदलल्यानंतर ही तक्रार सुरू झाली असेल तर कारागिराला ते आवर्जून सांगावे. जुळणी करताना माइकभोवतीचे बारीक रबर राहून गेले, तर स्पीकरचा आवाज फोनच्या आतूनच माइकवर येतो, आणि तेव्हा नवा माइक टाकून उपयोग होत नाही; रबर बसवावे लागते.