फुप्फुसाकडे जाणारी निळी धमनी

शरीरभर फिरून हृदयाकडे परतलेलं रक्त पुन्हा महाधमनीत पोहोचेपर्यंत कुठून कुठे जातं, ते क्रमाने लिहा, असा प्रश्न होता. विद्यार्थिनीने उत्तर लिहिलं: महाशिरा, उजवं अलिंद, उजवं निलय, फुप्फुस शिरा, फुप्फुसं, फुप्फुस धमनी, डावं अलिंद, डावं निलय, महाधमनी. नऊ टप्प्यांपैकी सात जागच्या जागी होते. तरीही शिक्षकांनी मधल्या दोन नावांवर लाल रेघ ओढून उत्तर चूक ठरवलं.

मुलीने पाठांतरात हयगय केली, असं कोणी म्हणू नये. उलट, एक वाक्य तिने फार नीट पाठ केलं होतं: धमनीतून शुद्ध रक्त वाहतं, शिरेतून अशुद्ध. उजव्या निलयातून फुप्फुसांकडे निघालेलं रक्त तर अशुद्धच. मग ते नेणारी नळी शिराच असणार, आणि फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त आणणारी धमनी. तर्कात खोट नाही. खोट आहे ती ज्या वाक्यावर तो उभा आहे त्यात.

धमनी आणि शिरा ही नावं आतल्या रक्तावरून ठरत नाहीत, रक्ताच्या दिशेवरून ठरतात. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा. बाकी सगळ्या शरीरात दोन्ही व्याख्यांचं उत्तर एकच येतं, म्हणून चुकीची व्याख्याही वर्षानुवर्षं खपून जाते. फुप्फुसाच्या वाटेवर मात्र ती उघडी पडते. उजव्या निलयातून निघणारी फुप्फुस धमनी कमी प्राणवायूचं, गडद रक्त नेते आणि फुप्फुस शिरा लालभडक रक्त घेऊन येतात.

पण ही निव्वळ नावांची अदलाबदल आहे, रक्ताची वाट तर बरोबर आहे ना, असं कोणी म्हणेल. तसं नाही. त्या उत्तराप्रमाणे रक्त खरोखर सोडून पाहावं. उजव्या निलयातून फुप्फुस शिरेत शिरायला दारच नाही. फुप्फुस शिरा बहुधा चार असतात आणि त्या हृदयाच्या मागच्या बाजूने थेट डाव्या अलिंदात उघडतात. उजव्या निलयाला बाहेर पडायचा रस्ता एकच, फुप्फुस धमनीचा, आणि त्याच्या तोंडाशी अर्धचंद्राच्या आकाराच्या तीन पाकळ्यांची झडप असते. ती बाहेरच्या बाजूलाच उघडते. याच धमनीतून डाव्या अलिंदात जायचं म्हटलं, तर तसा जोडच शरीरात नाही. म्हणजे उत्तरात लिहिलेली वाट दोन ठिकाणी भिंतीवर आदळते.

नळ्यांची बांधणीही दिशेप्रमाणेच असते. विश्रांतीच्या वेळी उजवं निलय आकुंचन पावतं तेव्हा फुप्फुस धमनीतला दाब पाऱ्याच्या साधारण 25 मिलिमीटरपर्यंत चढतो. फुप्फुस शिरेत तो जेमतेम आठ-दहा उरलेला असतो. निलयाचा धक्का सोसायचा म्हणून धमनीची भिंत लवचीक आणि जाड, शिरेची पातळ.

हे सगळं हृदय न उघडता पाहता येतं. 1970 मध्ये स्वान आणि गँझ या डॉक्टरांनी टोकाला छोटा फुगा असलेली नळी वापरात आणली. मानेजवळच्या शिरेतून ती आत सोडली की रक्ताचा प्रवाहच फुग्याला पुढे ओढून नेतो. नळी कुठे पोहोचली हे डॉक्टर पडद्यावरच्या दाबाच्या रेषेवरून ओळखतात. उजव्या अलिंदात बारीक लाटा दिसतात. उजव्या निलयात शिरताच रेषा 25 पर्यंत उसळते आणि जवळजवळ शून्यापर्यंत कोसळते. पुढे एका क्षणी शिखर 25 वरच राहतं, पण तळ वर उचलला जाऊन दहाच्या आसपास थांबतो. नळी झडप ओलांडून फुप्फुस धमनीत आली, झडप मागे मिटली आणि दाब धमनीत अडकून राहिला, हे त्या उचललेल्या तळावरून कळतं. परीक्षेतल्या उत्तराचा पहिला निम्मा भाग असा रेषेत उमटतो.

तिथे काढलेल्या रक्ताच्या नमुन्याला ‘मिश्र शिरारक्त’ म्हणतात, कारण सगळ्या शरीराच्या शिरांचं रक्त तिथे एकत्र झालेलं असतं. धमनीतून काढायचं आणि शिरारक्त म्हणायचं, यात अतिदक्षता विभागात कोणालाच विसंगती वाटत नाही. निरोगी माणसात विश्रांतीच्या वेळी या रक्तातलं हिमोग्लोबिन अजून सुमारे 75 टक्के प्राणवायूने भरलेलं असतं. फुप्फुसातून परतल्यावर ते 97-98 टक्क्यांवर जातं. ज्याला सरसकट ‘अशुद्ध’ म्हटलं जातं त्या रक्तात तीन चतुर्थांश प्राणवायू शिल्लक असतो. हा शब्द शाळेतून गेला तर बरं होईल, कारण अर्धा घोटाळा त्यानेच केला आहे.

उरलेला घोटाळा रंगांचा. मराठीतल्या जुन्या शास्त्रीय लेखनात धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हणत. रोहिणी म्हणजे तांबडी, नीला म्हणजे निळी. आकृतीतही तेच दोन रंग. त्यामुळे फुप्फुसाकडे जाणारी निळी नळी पाहून तिला ‘तांबडी’ म्हणायचं धाडस मुलांना होत नाही. खरं तर कुठलंच रक्त निळं नसतं. शिरेतलंही गडद लालच असतं.

अशा गोंधळात पडलेली ती पहिली नव्हे. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन याच दोन नळ्यांपाशी अडखळला होता. उजव्या बाजूची म्हणून एकीला तो शिराच मानत होता, पण तिची भिंत धमनीसारखी जाड. म्हणून तिला ‘धमनीसारखी शिरा’ आणि दुसरीला ‘शिरेसारखी धमनी’ अशी नावं रूढ झाली. तेराव्या शतकात इब्न अल-नफीसने दोन निलयांमधल्या भिंतीला छिद्रं नाहीत, रक्त फुप्फुसातूनच डावीकडे जातं, असं लिहिलं, आणि तेही हीच जुनी नावं वापरून. 1628 मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केलं, त्याच्या पुस्तकातही तीच नावं आहेत. विद्यार्थिनीच्या उत्तरातली नावं, गंमत म्हणजे, त्यांच्या पानांवर चालून गेली असती. मात्र हार्वेची वाट बरोबर होती, कारण त्याने झडपा कुठे उघडतात ते पाहिलं होतं.

दिशेची व्याख्या पक्की झाली की नाही, हे नवजात बाळाच्या नाळेवर तपासता येतं. नाळेत बहुधा तीन वाहिन्या असतात. बाळाच्या हृदयाकडून वारेकडे जाणाऱ्या दोन, वापरलेलं रक्त नेणाऱ्या, म्हणून धमन्या. वारेकडून प्राणवायूने भरलेलं रक्त बाळाकडे आणणारी एक, ती शिरा. जन्मानंतर बाळाला तातडीने औषध द्यायचं असेल तर डॉक्टर कापलेल्या नाळेच्या टोकाकडे पाहतात. दोन बारीक, जाड भिंतींची तोंडं आणि एक मोठं, पातळ भिंतीचं, सैल तोंड. नळी त्या सैल तोंडात सरकवायची असते.