पाठीवरची रेघ, पोटाखालची सोंड

पाऊस स्थिरावला की भातखाचरांत, शेततळ्यांत, दगडखाणींत साठलेल्या पाण्यात किडे दिसू लागतात आणि त्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. सोबतचे प्रश्न ठरलेले असतात: हा कोणता किडा, आणि चावतो का? दोन्हींचं उत्तर एकाच जागी सापडतं, किड्याच्या तोंडात. ज्याला टोचायची सोंड आहे त्याचं कूळ वेगळं आणि चावाही वेगळा. ज्याला चावायचे जबडे आहेत त्याचं सगळंच निराळं. अडचण अशी की फोटो बहुधा वरून काढलेला असतो आणि तोंड राहतं खाली. म्हणून पाठ बघून तोंडाचा अंदाज करावा लागतो.

फोटो मोठा करून पाठीच्या मधोमध पाहा. डोक्याच्या मागून शेपटापर्यंत एकच सरळ रेघ गेली असेल, तर तो भुंगेरा. त्याचे पुढचे दोन पंख टणक झाकणं बनलेले असतात आणि त्यांच्या कडा मध्यभागी एकमेकींना नेमक्या भिडतात. सरळ रेघ नसेल, दोन्ही खांद्यांच्या मध्ये एक त्रिकोण असेल आणि त्याच्या खाली पंख एकमेकांवर तिरपे चढून फुलीसारखा आकार झाला असेल, तर तो ढेकणांच्या कुळातला. या कुळातल्या किड्यांचे पुढचे पंख अर्धे जाड आणि टोकाकडे पातळ असतात, त्यामुळे पाठीचा मागचा भाग पारदर्शक, सुरकुतल्यासारखा दिसतो. ढेकूण म्हटलं की सोंड आलीच. ती डोक्याखाली मुडपलेली असते आणि वरून दिसत नाही.

मागच्या पावसाळ्यात रायगड जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने फोटो पाठवला होता. पडवीत, दिव्याच्या खांबाखाली, सकाळी सापडलेला चपटा तपकिरी किडा. घरातल्यांचं म्हणणं होतं, मोठं झुरळ आहे आणि मेलंय. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलेलं होतं, ही त्यांनी फार चांगली गोष्ट केली होती. हे नाणं २७ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि किड्याची लांबी अडीच नाण्यांहून थोडी जास्त भरत होती, म्हणजे जवळपास सात सेंटिमीटर. आपल्याकडच्या डबक्यात एवढा मोठा किडा म्हटला की फार थोडी नावं उरतात. पाठीवर मोठा त्रिकोण आणि फुली स्पष्ट होती, तेव्हा भुंगेरा बाद झाला. झुरळाच्या लांबलचक मिशा इथे दिसत नव्हत्या. पुढचे दोन पाय जाड आणि कोयत्यासारखे आत वळलेले, मागचे चार चपटे आणि कडेला केसांची झालर असलेले. हा लेथोसेरस इंडिकस, आपल्या भागातला सर्वांत मोठा पाणढेकूण. पाण्यातला किडा पडवीत कसा आला, याचं उत्तर दिव्यात होतं. हे ढेकूण रात्री एका पाण्याकडून दुसरीकडे उडत जातात आणि वाटेत उजेडाकडे ओढले जातात.

मी लगेच फोन केला तो मात्र दुसऱ्याच कारणासाठी. हा किडा पाण्याबाहेर डिवचला की पाय आखडून निपचित पडतो. मेला समजून पोरं उचलतात, आणि नेमका तेव्हाच तो सोंड खुपसतो. त्याची शिकार करायची पद्धत कळली की वेदना एवढी का होते ते कळतं. तो मासोळी, बेडकाचं पिल्लू किंवा दुसरा किडा पुढच्या पायांनी जखडतो, सोंड आत घालतो आणि लाळ सोडतो. ती लाळ भक्ष्याचं मांस आतल्या आत विरघळवते आणि मग तो पातळ झालेलं शोषून घेतो. माणसाच्या बोटात तीच लाळ थोडीशी जाते. जीवाला धोका नसतो, पण आग जबरदस्त होते, ती काही तास टिकू शकते आणि जागा सुजते. पाण्यातल्या किड्यांचा सर्वांत दुखरा चावा कोणाचा विचाराल तर मी याचंच नाव घेईन. त्या घरी त्यांनी झाडूने सुपलीत लोटून त्याला खाचरात सोडून दिलं.

याचा एक धाकटा भाऊबंद याहून कितीतरी जास्त वेळा फोटोत येतो. डिप्लोनिकस हा जेमतेम दीड सेंटिमीटरचा, लंबगोल, पिवळट तपकिरी. कधी कधी त्याच्या पाठीवर दाण्यांचा गच्च थर असतो आणि मग रेघ, त्रिकोण, फुली काहीच दिसत नाही. किडा सडलाय किंवा त्याला बुरशी आलीय असं लोक लिहितात. ती अंडी असतात आणि ज्याच्या पाठीवर असतात तो बाप असतो. मादी अंडी त्याच्या पाठीवर चिकटवून निघून जाते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो ती वागवतो, पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन त्यांना हवा देतो. अशी अंडी वाहणारे किडे माद्याच असणार असं जुने अभ्यासक धरून चालले होते. ते नर आहेत हे फ्लॉरेन्स वेल्स स्लेटर यांनी १८९९ साली अमेरिकेतल्या जातीवर दाखवून दिलं. म्हणजे अंडी दिसली की बाकी खुणा झाकल्या गेल्या तरी ओळख आपोआप पटते. सोंड यालाही आहे आणि मुठीत दाबला तर हाही टोचतो.

याच कुळातला पाणविंचू शेपटाकडच्या लांब काडीमुळे घाबरवतो. ती नांगी नव्हे, पाण्याबाहेर काढून श्वास घ्यायची नळी आहे. जपायचं ते दुसऱ्या टोकाला, तोंडाशी.

आता उताणे पोहणारे. फोटोत पाण्याच्या वरच्या थरात सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान, पांढुरके, होडीच्या आकाराचे किडे असतील आणि दोन लांब पाय वल्ह्यांसारखे आडवे पसरलेले असतील, तर आधी हे ठरवा की दिसतंय ते पोट की पाठ. उताण्या पोहणाऱ्यांचं पोट वर असतं. पोटावर हवेचा थर धरलेला असल्याने ते चांदीसारखं चमकतं; पाठ खाली, होडीच्या तळासारखी फुगीर. आपल्याकडे भरपूर सापडणारा अ‍ॅनिसॉप्स तर पाण्याच्या मध्यावर स्थिर तरंगतो. त्याच्या शरीरात हिमोग्लोबिन असतं. त्यात साठवलेल्या प्राणवायूने तो पोटावरच्या हवेची भर करतो, म्हणून तो बुडतही नाही आणि वर फेकलाही जात नाही. फोटोत एकाच खोलीवर टांगल्यासारखे दहा-बारा किडे दिसले तर बहुधा हेच.

यांच्यासारखेच दिसणारे पण पालथे पोहणारे वेगळे असतात. त्यांची पाठ सपाट आणि वर असते, तिच्यावर बारीक आडव्या रेषा असतात आणि ते बहुतेक वेळ तळाशी गाळात असतात. ते चावत नाहीत. उताणे मात्र चावतात, आणि आकाराच्या मानाने जोरात. दंश गांधीलमाशी किंवा मधमाशीची आठवण करून देणारा, पण लवकर उतरणारा. विहिरीत किंवा पोहण्याच्या तलावात उतरल्यावर काहीतरी टोचलं अशी तक्रार येते तेव्हा मला पहिला संशय यांचाच येतो. ते उडून नव्या पाण्यात येतात, म्हणून कालपर्यंत स्वच्छ असलेल्या टाकीत आज दिसू शकतात. ते मुद्दाम माणसामागे लागत नाहीत. हाताखाली, कपड्यात अडकले की टोचतात. डासांच्या अळ्या ते मोठ्या प्रमाणात खातात, हे टाकी ओतून देण्याआधी लक्षात घ्यावं.

सरळ रेघेचे पाणभुंगेरे तुलनेने गरीब. सिबिस्टर हा त्यांतला ठळक, तीन सेंटिमीटरच्या आतबाहेर, काळपट हिरवा, पाठीच्या दोन्ही कडांना पिवळी किनार. मागचे दोन्ही पाय एकदम मारत तो पोहतो आणि हवा घ्यायला शेपटाकडून वर येतो, म्हणून फोटोत डोकं खाली आणि टोकाशी हवेचा बुडबुडा दिसतो. हाही रात्री दिव्यावर येतो. मुठीत धरला तर जबड्याने चिमटा काढेल, दुर्गंधीयुक्त द्रवही सोडेल, पण एवढंच. त्याच्या अळीची गोष्ट वेगळी. ती लांबट, पुढे चपटं डोकं आणि त्यावर दोन विळ्यांसारखे जबडे. हे जबडे पोकळ असतात. अळी ते भक्ष्यात रुतवते, त्यांतूनच पाचकरस सोडते आणि त्यांतूनच शोषते. तिचा चावा प्रौढ भुंगेऱ्याच्या चिमट्यापेक्षा बराच दुखतो.

सर्वांत जास्त चुका होतात त्या चतुराच्या पिल्लाच्या बाबतीत. पाठीवर रेघ नाही, फुली नाही, फक्त छोट्या पंखांच्या कळ्या. पण पाणढेकणाचं पिल्लूही असंच असतं, त्यालाही पूर्ण पंख नसतात. तेव्हा पाय बघा. चतुराच्या पिल्लाचे सहाही पाय साधारण सारखे, चालायचे, सडपातळ. पाणढेकणाच्या पिल्लाचे पुढचे दोन पाय लहानपणापासूनच कोयत्यासारखे. चतुराचं डोकं मोठ्या डोळ्यांचं आणि शेपटाशी आखूड काटे. तिथे तीन पानांसारखे कल्ले असतील तर ते टाचणीचं पिल्लू. चतुराची खरी खूण मात्र पोटाकडूनच दिसते: खालचा ओठ लांबट होऊन मुखवट्यासारखा तोंडावर घडी घातलेला असतो. शिकार टप्प्यात आली की तो झटकन पुढे फेकला जातो, टोकाच्या आकड्यांनी भक्ष्य पकडतो आणि तोंडाशी ओढून आणतो. दिसायला भयानक, माणसाला निरुपद्रवी. मोठं पिल्लू बोटांत धरलं तर क्वचित चिमटा काढतं. विष नाही, सोंड नाही.

म्हणूनच फोटो एक पुरत नाही. चहाच्या गाळण्याने किडा उचलून पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात ठेवावा आणि शेजारी नाणं. हात घालू नये. सावलीत, फ्लॅश न लावता एक फोटो वरून, एक बाजूने. तिसऱ्यासाठी किडा पारदर्शक बरणीत घालून खालून काढावा, म्हणजे सोंड, जबडा किंवा मुखवटा दिसतो आणि वाद मिटतो. डब्यात एका वेळी एकच किडा ठेवा, नाहीतर पाणढेकूण बाकीच्यांना संपवतो. फोटो झाले की त्याच पाण्यात सोडा.

इतकं करूनही नेमकी जात सांगता येईलच असं नाही. उताण्या पोहणाऱ्यांच्या काही जाती नराच्या पुढच्या पायांचे बारीक तपशील सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत, तिथे वंशापर्यंत थांबणंच योग्य. चावा बसलाच तर जागा साबण-पाण्याने धुऊन थंड पाण्याची पट्टी किंवा बर्फ लावावा. तोंड सुजलं, अंगभर गांध्या उठल्या किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना गाठावा. फोटो तेवढा मोबाइलमध्ये असू द्यावा, डॉक्टरांना सोंड दिसली की त्यांचाही प्रश्न सुटतो.