अकरा चिठ्ठ्या, एक काम

सहा जणांची नवी टीम, दोन आठवड्यांचा पहिला स्प्रिंट संपलेला. रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये फळ्यावर अकरा सुधारणा लागतात आणि पुढच्या वेळी त्याच अकरा तशाच दिसतात. कारण आळस नव्हे. ‘संवाद वाढवायचा’ हे काम सोमवारी सकाळी कोणी आणि कसं सुरू करायचं, तेच ठरलेलं नसतं.

समजा, बैठक तासाभराची आहे. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून चिठ्ठ्या लिहायच्या. नव्या टीममध्ये बोलून सुरुवात केली, तर सीनियरचं मत तेच सगळ्यांचं होतं. मग प्रत्येकाला तीन मतं. सर्वांत जास्त मतं पडतात ‘टेस्टिंग शेवटी तुंबतं’ याला. लगेच उपायावर उडी मारायची नाही. आधी बोर्डावरच्या तारखा बघायच्या. नऊपैकी सात कामं शेवटच्या दोन दिवसांत टेस्टरकडे गेलेली दिसतात, कारण त्याआधी ती कोड-रिव्ह्यूसाठी पडून होती. म्हणजे दुखणं टेस्टिंगचं नव्हतंच!

मग ठरतं: रोज अकरा वाजता अर्धा तास फक्त रिव्ह्यू, आणि तो होतोय ना हे बघायला एकच जण. हे कार्ड वेळेचा हिशेब धरून स्प्रिंट बॅकलॉगमध्येच जातं. 2017च्या स्क्रम गाइडमध्ये अशी किमान एक सुधारणा घेणं बंधनकारक होतं. 2020च्या आवृत्तीत ते ऐच्छिक झालं. नव्या टीमने जुना नियमच पाळावा, असं मला वाटतं. फार तर दोन कार्डं. उरलेल्या चिठ्ठ्या खुशाल टाकून द्याव्यात. खरी अडचण पुन्हा वर येतेच.

पुढची बैठक याच कार्डापासून सुरू होते: पाचव्या दिवसापर्यंत टेस्टरकडे किती कामं पोचली?