साठ अंशांचा घोट

इराणच्या ईशान्येला, कॅस्पियन समुद्राच्या बाजूला गोलेस्तान नावाचा प्रांत आहे. तिथले लोक दिवसाला सरासरी लिटरभराहून जास्त कोरा चहा पितात. सिगारेट आणि दारूचं प्रमाण त्या मानाने कमी. तरीही अन्ननलिकेचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या जगातल्या मोजक्या भागांत या प्रांताचं नाव येतं. म्हणून 2004पासून तिथल्या सुमारे पन्नास हजार लोकांची नोंद ठेवून संशोधकांनी दीर्घकाळ पाहणी केली. त्यात चहाचाही तपास होता.

तुम्ही चहा किती गरम पिता, असं विचारलं तर कुणीही ‘बेताचा’ म्हणणार. त्यामुळे संशोधकांनी नुसतं विचारलं नाही, मोजलं. ताजा चहा दोन कपांत ओतायचा. एका कपात तापमापक, दुसरा कप समोरच्या माणसापुढे. तापमापक 75 अंश सेल्सियसवर आला की माणसाने एक घोट घ्यायचा आणि रोज एवढाच गरम पितो का ते सांगायचं. नाही म्हणाला तर पाच अंश उतरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा घोट. असं साठ अंशांपर्यंत. त्यातून दिसलं की ढोबळमानाने पाचांतले दोघे साठच्या खाली पितात, दोघे साठ ते चौसष्टमध्ये आणि उरलेला एक पासष्ट किंवा त्याहून गरम.

पुढे याच लोकांमध्ये कर्करोग कुणाला झाला ते पाहिलं गेलं. दिवसाला सातशे मिलिलिटरहून जास्त आणि साठ अंश किंवा त्याहून गरम चहा पिणाऱ्यांना हा धोका, कमी आणि कोमट पिणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे नव्वद टक्के जास्त निघाला. आकडा दचकवणारा आहे, पण पन्नास हजारांत 2017पर्यंत सापडलेले असे रुग्ण 317 होते, हेही सोबत वाचायला हवं. मुळात लहान असलेला धोका जवळपास दुप्पट झाला, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे याच कर्करोगाचा विचार करताना तंबाखू आणि दारू आधी सोडायची, चहाचं तापमान त्यानंतर.

2016 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 65 अंशांहून गरम पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातली. त्याच बैठकीत कॉफीवरचा जुना संशय मात्र मागे घेतला गेला. म्हणजे बोट पेयाकडे नव्हतं, उष्णतेकडे होतं. अन्ननलिकेचं आतलं अस्तर पुन्हा पुन्हा भाजतं, पुन्हा पुन्हा भरून येतं आणि या वर्षानुवर्षांच्या डागडुजीत पेशी बिघडण्याची संधी वाढते, असा तर्क त्यामागे आहे.

मग इतका गरम चहा पिताना तोंड का भाजत नाही? त्वचेचा हिशोब अमेरिकेत 1947 साली मांडला गेला. साठ अंशांच्या पाण्याखाली त्वचा पाचेक सेकंदांत चांगली भाजते, सत्तरला एका सेकंदात. एकोणपन्नास अंशांना मात्र काही मिनिटं लागतात. या हिशोबाने सत्तर अंशांच्या चहाने जीभ सोलून निघायला हवी. निघत नाही, कारण आपण घोट तोंडात धरून ठेवत नाही. छोटा घोट, त्यात ओढलेली हवा, लाळ आणि लगेच गिळणं. गरम घोट तोंडाच्या अस्तराला पुरता तापवण्याआधीच पुढे सरकलेला असतो. पण तो पुढे जातो कुठे, तर अन्ननलिकेत, आणि तिथे उष्णतेची जाणीव जिभेइतकी तल्लख नाही. त्यामुळे ‘मला तर काही भाजत नाही’ हा युक्तिवाद फारसा कामाचा नाही. सवयीने तोंड पटकन गिळायला शिकलेलं असतं, एवढंच.

इथे घोटाचा आकार फार महत्त्वाचा. अन्ननलिकेत तापमापक सोडून केलेल्या 1972च्या एका अभ्यासात पासष्ट अंशांची कॉफी पाच मिलिलिटरच्या, म्हणजे चमचाभर घोटाऐवजी वीस मिलिलिटरच्या घोटाने प्यायल्यावर अन्ननलिकेतलं तापमान दहाएक अंशांनी जास्त चढलं. म्हणजे गाडी सुटते आहे म्हणून स्टेशनवर अर्धा कप दोन घोटांत संपवणारा माणूस आणि तोच चहा भुरके मारत पिणारे आजोबा यांचा चहा एकाच किटलीतला असला, तरी अन्ननलिकेला तो सारखाच गरम पोचत नाही. भुरक्याने चहाबरोबर हवा आत ओढली जाते, वाफ निघून जाते आणि घोट लहान राहतो. घरच्या सुनांनी त्या आवाजाला कितीही नावं ठेवली, तरी पद्धत बरोबर आहे. बशीचंही तेच. कपातला चहा बशीत पसरला की पातळ थर होतो, उघडा पृष्ठभाग वाढतो आणि बशी स्वतःही उष्णता शोषते. बशीतला चहा मिनिटभरातच पिण्याजोगा होतो.

आता आपल्या नेहमीच्या कपाचा हिशोब करू. इंग्रजी पद्धतीत कोऱ्या चहात वरून थंड दूध घालतात. पंच्याऐंशी अंशांच्या दीडशे मिलिलिटर चहात फ्रिजमधलं तीस मिलिलिटर दूध घातलं, की मिश्रण एकदम बहात्तरच्या आसपास उतरतं. आपण दूध चहातच उकळतो, त्यामुळे ही सूट आपल्याला मिळत नाही. पातेल्यातून गाळणीवाटे येणारा चहा नव्वदच्या वर असतो. दोनशे ग्रॅमचा चिनी मातीचा कप खोलीच्या तापमानाला असेल तर तो चहातली बरीच उष्णता ओढून घेतो आणि चहा ऐंशीच्या आसपास येऊन थांबतो. तिथून साठपर्यंत यायला उघड्या कपाला साधारण आठ-दहा मिनिटं लागतात. पंख्याखाली कमी, झाकण असेल तर बरीच जास्त. वर साय धरली तरी उशीर होतो, कारण कप मुख्यतः वाफेच्या वाटेने निवतो आणि साय ती वाट अडवते. दोन-तीनदा ढवळलं तर साय मोडते आणि तळाचा गरम चहा वर येतो.

टपरीवरच्या कटिंगचं गणित वेगळं. जाड काचेचा ग्लास शंभरेक ग्रॅमचा आणि चहा जेमतेम ऐंशी मिलिलिटर. चहाच्या मानाने ग्लास जड, त्यामुळे ओतल्या ओतल्याच दहा-पंधरा अंश उतरतात. नंतरही लहान ग्लास भराभर निवतो. पण नुकताच गरम पाण्यातून काढलेला ग्लास असेल तर ही उतरण मिळत नाही. कागदी कपात तर ती जवळजवळ नसतेच, कारण कागदाला वजनच नसतं. त्यामुळे एकाच किटलीतला चहा कागदी कपात जास्त चटका देतो. स्टीलच्या पेल्याचं आणखी वेगळं. चहा बऱ्यापैकी निवलेला असला तरी धातू उष्णता ओठाला झपाट्याने देतो, म्हणून ओठ पोळतो आणि आपण दोष चहाला देतो.

पिणाऱ्यांना नक्की किती गरम आवडतं, हेही तपासलं गेलं आहे. कॉफी पिणाऱ्यांना निवड दिली तर त्यांची पसंती साठच्या आसपास येऊन थांबते. 2008 साली अमेरिकेतल्या दोन अभियंत्यांनी भाजण्याचा धोका आणि चवीची आवड यांचा मेळ घालून उत्तम तापमान सुमारे अठ्ठावन्न अंश काढलं. हॉटेलांत मात्र गरम पेयं बहुतेकदा सत्तर ते पंच्याऐंशीमध्ये दिली जातात. म्हणजे थांबण्याचं काम गिऱ्हाइकाकडेच राहतं. पंचावन्न ते साठच्या दरम्यान चहा गरमच लागतो आणि वेलची-आल्याची चवही कळते. सत्तरला जिभेला चटक्यापलीकडे फारसं काही कळत नाही.

सूप मात्र फसवं असतं. पातळ सार किंवा कढण चहासारखंच निवतं. कॉर्नफ्लॉवर लावलेलं स्वीट कॉर्न सूप घट्ट असतं. त्यात वरचं-खालचं आपोआप मिसळत नाही, त्यामुळे वरचा थर कोमट आणि चमचा खोल घातला की चटका. वर लोण्याचा किंवा तेलाचा तवंग असेल तर वाफच अडते. तांबड्या रश्शाची वाटी शांत दिसते ती याचमुळे. त्यातली टोमॅटोची फोड किंवा बटाटा आतून बराच काळ तापलेला राहतो आणि घट्ट घास तोंडात चिकटून राहतो. चहाचा घोट सेकंदात पुढे जातो, बटाटा टाळूला धरून बसतो. म्हणून सूप पिण्याआधी तळापासून ढवळायचं, पहिला चमचा अर्धा भरायचा आणि फोडी चमच्याने चिरायच्या. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेलं सूप कडेला उकळतं तर मध्ये गार असू शकतं. ते बाहेर काढून ढवळायचं आणि मग मिनिटभर तसंच ठेवायचं.

मोजायची हौस असेल तर स्वयंपाकाचा सुईचा तापमापक बाजारात मिळतो. तापाचा थर्मामीटर चुकूनही कपात घालू नये. तो बेचाळीस अंशांच्या आसपास संपतो आणि पाऱ्याचा असेल तर फुटतो. घरातला नेहमीचा कप एकदा मोजून साठला यायला किती मिनिटं लागली ते पाहिलं, की पुन्हा मोजायची गरज पडत नाही. दाताच्या डॉक्टरांनी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं असेल तर बधिरपणा जाईपर्यंत गरम काही पिऊ नये, कारण भाजलेलं कळणारच नाही. उलट कोमट चहा किंवा जरासं तिखटही झोंबत असेल आणि तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर दोष चहाचा नाही. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांमध्ये हे लक्षण दिसलं की तोंड दाखवून घ्यायला हवं.

तोंडात घेतलेला घोट जास्त गरम निघाला तर चारचौघांत लाजून तो गिळायचा नाही, थुंकून टाकायचा. मग साध्या थंड पाण्याने काही मिनिटं चुळा भरायच्या. बर्फाचा खडा जिभेवर धरून ठेवायचा नाही, त्याने भाजलेल्या जागेला आणखी इजा होऊ शकते. तूप, मीठ, टूथपेस्ट यांचा उपयोग नाही. जिभेचं अस्तर भराभर नवं होतं, त्यामुळे साधा चटका आठवड्याभरात जातो. तोवर आंबट-तिखट टाळायचं. पण गिळताना छातीत दुखत असेल, लाळ गिळता येत नसेल, आवाज बसला किंवा श्वासाला आवाज येऊ लागला तर थेट रुग्णालय गाठायचं. लहान मुलांच्या बाबतीत तर वाट पाहायचीच नाही. त्यांच्या घशातली सूज काही तासांनीही वाढू शकते आणि तोवर ओठ-जीभ जवळजवळ नीट दिसत असतात. मुलांना खरी इजा मात्र बहुतेकदा तोंडात होत नाही, अंगावर होते. टेबलाच्या कडेला ठेवलेला कप ओढला जातो, किंवा मांडीवर बाळ आणि हातात चहा अशा बैठकीत सांडतो. पंधरा मिनिटांपूर्वी केलेला, आपल्याला ‘निवला’ वाटणारा चहाही बाळाची कातडी भाजू शकतो, कारण ती आपल्यापेक्षा खूप पातळ असते.